मार्चचं पान

अकोल्यात मला माणसात आणलं ते आमच्या औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टनं. आठवीतून शाळा सोडून मी रत्नागिरीकडून एवढ्या लांब आलो होतो. मालकाकडे शब्द टाकून त्यांनी मला नोंदवहीवर बसवलं. मी त्यांना सर म्हणायचो.

वही त्यांचीच युक्ती. माल आला की खोका फोडून बॅच नंबर आणि मुदत वाचायची, आणि मुदत संपायच्या चार महिने आधीच्या पानावर टिपायची. दर एक तारखेला त्या महिन्याचं पान उघडून उरलेला माल मोजायचा, फळीला लाल चिठ्ठी लावायची, मालकाला सांगायचं. मुदतीला तीन महिने असेपर्यंतच कंपनी माल परत घेई.

मार्चच्या पानावर पेनिसिलिनची एक बॅच होती, मुदत जुलैअखेर. सरांनी मालकाला सांगितलं आणि पानावर तारीख घालून सही केली. मालक हसला. "तुमी तं मालाची तिरडी आधीच बांधून राहिले." पावसाळ्यात अकोट-पातूरचे डॉक्टर उचलतील, म्हणाला. गिऱ्हाइकं विचारतात म्हणून चिठ्ठ्याही काढायला लावल्या. एप्रिल संपला, परतीची वाट बंद झाली. ऑगस्टमध्ये चौदा खोके तसेच, विकता न येणारे.

दुकानात पैसा मालकाच्या थोरल्या भावाचा. तो अमरावतीहून येणार असं कळलं. आदल्या दिवशी मालकानं मला मार्चचं पान फाडायला सांगितलं. नाही तर गावाकडची गाडी धर, म्हणाला. घरी आई माझ्या मनीऑर्डरवर होती. मी फाडलं.

थोरल्यानं विचारलं, वेळेवर कोणी सांगितलं नाही काय? मालकानं सरांकडे बोट केलं. सर म्हणाले, सांगितलं, मार्चच्या पानावर माझी सही आहे. थोरला माझ्याकडे वळला.

"हाय का बे ते पान?"

"नाही," मी म्हणालो. "नव्हतंच."

सरांनी वही उघडली. शिवणीजवळ फाटलेल्या कागदाची कड उरली होती. त्यांनी ती पाहिली, मग मला पाहिलं. थोरल्यानं वहीसाठी हात पुढे केला तेव्हा त्यांनी ती मिटून काखेत धरली.

"राहू द्या. माह्याकडूनच राहिलं असंन."

दुपारी भिंतीवरचं आपलं प्रमाणपत्र त्यांनी उतरवून घेतलं. सरांच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली; गावात बोलणं झालं की दीक्षा घेतलेल्यांना कामाची पर्वा नसते. बोलणाऱ्यांना मी चहा दिला. आठवड्यात दुसरा फार्मासिस्ट आला, आणि माझा पगार चालू राहिला. नंतर कितीतरी वर्षं मी त्याच वहीत मुदती लिहिल्या. मालक आता वेळेवर माल परत पाठवायचा.

सर अमरावतीच्या एका दवाखान्यात आहेत, असं कळतं. दोनदा मी अमरावतीचं तिकीट काढूनही तिथं उतरलो नाही, थेट पुढे गेलो. एक दिवस जाईन. आधी त्या थोरल्या भावाच्या घरी जाऊन पान कोणी फाडलं ते सांगेन, आणि त्याला सोबत घेऊन सरांच्या दारात उभा राहीन. हे मी करणार आहे.