आपाचं नसलेलं व्याज

माझी मोठी बहीण उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. मेहुणे गेल्यापासून तिचं आयकराचं विवरणपत्र मीच भरतो. काम पंधरा मिनिटांचं. पेन्शनचा आकडा घ्यायचा, प्रमाणित वजावट करायची. उरलेली रक्कम सात लाखांच्या थोडी आत राहायची, म्हणजे सवलत मिळून कर शून्य. आपा चहा ठेवायची आणि म्हणायची, "शून्य काढायला एवढा चष्मा पुसतोस?"

यंदा मे महिन्यात तिच्या मोबाईलवर आयकर खात्याचा मेसेज आला. ती संध्याकाळी स्वतः चालत माझ्याकडे आली. पोर्टल उघडलं तर नोटीस होती. पोस्टाकडून तुमच्या पॅनवर व्याजाची नोंद आली आहे, दोन वर्षांच्या विवरणपत्रांत ती दिसत नाही, खुलासा करा किंवा अद्ययावत विवरणपत्र भरा.

"हे कसलं व्याज?" मी विचारलं.

"ते होय. मासिक योजनेतलं. यांनी माझ्या निवृत्तीच्या पैशातून नऊ लाख ठेवले होते, जायच्या आधी."

"मग मला सांगितलं नाहीस कधी?"

"तुला काय सांगायचं? ते माझं नायच."

आमच्या घरात व्याज हराम मानतात, कोणी खात नाहीत. मी स्वतः मात्र बँकेचं व्याज घेतो, हिशेबात धरतो आणि त्यावर कर भरतो. आपा त्याबद्दल मला कधी बोलली नाही, पण माझ्याकडे जेवताना आमटी कुठल्या पैशाची हे बहुधा मनात विचारत असावी. तिचं मात्र पक्कं होतं. मेहुण्यांनी पैसे सुरक्षित राहावेत म्हणून खातं उघडलं, तेव्हा तिची अट एकच होती, व्याजाला हात लावणार नाही. दर महिन्याला पाच हजार पाचशे पन्नास रुपये तिच्या बचत खात्यात जमा व्हायचे. ती तेवढेच काढायची आणि खाडीपलीकडच्या एका बाईला द्यायची. त्या बाईच्या नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सिव्हिलला यायला-जायला रिक्षा लागायची. हे दान नव्हे, असं आपा मानायची. जे आपलं नाही ते घरातून बाहेर काढायचं, त्याचं पुण्य मागायचं नाही. म्हणून ती त्या बाईला पैसे दारातच द्यायची, बसवायची नाही, आभार ऐकून घ्यायची नाही.

वर्षाचे सहासष्ट हजार सहाशे. मला ते कधी दिसले नाहीत, कारण पोस्टाच्या त्या योजनेवर कर कापलाच जात नाही, आणि मी फक्त कापलेल्या कराचा तक्ता बघत होतो. दुसरा मोठा तक्ता, ज्यात व्याजाची नुसती नोंद असते, तो आपासाठी कधी उघडावासा वाटला नाही. तिच्याकडे असणार काय, पेन्शनच ना.

दुसऱ्या दिवशी आम्ही माझ्या ओळखीच्या सीएकडे गेलो. त्याने नोटीस वाचली, पंखा थोडा वाढवला आणि हसला.

"मॅडम, टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही, असं निम्मी रत्नागिरी समजते. पतसंस्थेवाले तर सांगूनच ठेवी घेतात, आमच्याकडे सभासदांचा टीडीएस नाही म्हणून. लोक पुढचं ऐकतच नाहीत."

"मी तसं समजले नाय," आपा म्हणाली. "मी ते खाल्लंच नाय. सगळं देऊन टाकलं. त्या बाईला विचारा."

"दिलंत ते चांगलंच केलंत. पण आधी तुम्हाला मिळालं, मग तुम्ही दिलंत. कर मिळण्यावर असतो."

त्याने कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. प्रत्येक नोंदीपुढे उत्तराचे पर्याय होते. माहिती बरोबर आहे. माहिती पूर्णपणे बरोबर नाही. हे उत्पन्न करपात्र नाही. ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे. आपाने सगळे वाचले, सावकाश, वहीत चूक शोधावी तसे.

"हे," ती शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाली. "दुसऱ्याची. हे खरं आहे."

सीए माझ्याकडे बघू लागला. मलाच बोलावं लागलं. "आपा, तिथं दुसऱ्याचा पॅन नंबर द्यावा लागतो. खातं तुझ्या नावावर, जमा तुझ्या बचत खात्यात. पोस्ट सांगणार हे तिचंच आहे. खोटं ठरेल."

"आणि हे माझं म्हणून लिहिलं, तर ते खरं?"

सीएने कीबोर्डवरून हात काढून घेतले. बाहेर कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

मी आकडे मांडले. मला दुसरं काही येत नाही. पेन्शनमध्ये हे व्याज मिळवलं की दोन्ही वर्षी सात लाखांची रेषा ओलांडली जाते, सवलत जाते, आणि कर नुसत्या व्याजावर न राहता खालच्या टप्प्यांवरही येतो. त्यावर विलंबाचं व्याज. शिवाय अद्ययावत विवरणपत्राचा जादा कर, मागच्या वर्षाचा पंचवीस टक्के, त्याच्या आधीच्या वर्षाचा पन्नास. काहीच केलं नाही तर पुढे दंड, तो याहून मोठा.

"म्हणजे सरकारही व्याज घेतं," आपा म्हणाली.

"घेतं, मॅडम," सीए म्हणाला. "आणि आम्ही फी."

ती हसली, पण डोळे पडद्यावरच होते. मग तिने विचारलं, कर त्या पोस्टाच्या पैशातून भरता येईल का. मी म्हणालो, येईल की, पैसा सगळा सारखाच. तिने मान हलवली. "नाय. माझा कर त्यातून भरला तर मी ते वापरलंच ना. पेन्शनमधून भर."

भरला. दोन्ही विवरणपत्रं तयार झाली. शेवटी आधारच्या पडताळणीसाठी मोबाईलवर आलेला सहा अंकी आकडा तिने वाचून दाखवायचा होता. तिने मोबाईल लांब धरला, चष्मा वर केला, आणि वाचायचं थांबली.

"एवढी वर्षं मी वरती सांगत होते, हे माझं नाय," ती मला म्हणाली, सीएला नाही. "आता खाली लिहून देते, माझंच होतं. कुठला कागद धरतील रे?"

तेवढ्यात अंकांची मुदत संपली, दुसरे मागवावे लागले. ते तिने एका दमात वाचले.

त्याच आठवड्यात ती मला घेऊन पोस्टात गेली. मासिक योजना मोडायची होती. तीन वर्षं झाली होती, म्हणून मुद्दलातून एक टक्का कापणार होते. खिडकीतल्या मुलीला वाईट वाटलं. "मावशी, नऊ हजार जातील. दोन वर्षं अजून थांबा ना."

"कापा," आपा म्हणाली.

"पैसे बचत खात्यात टाकू? तिथंही व्याज बसतं थोडं."

आपा माझ्याकडे वळली. आम्ही पैसे बँकेच्या चालू खात्यात नेले, जिथं काहीच मिळत नाही. तिथल्या साहेबांना कारण सांगताना मीच अडखळलो. नऊ लाखाला थोडे कमी, आणि वाढायला नकोत, हे माणसाला समजावणं कठीण असतं.

पुढच्या महिन्यात मी आपाकडे बसलो असताना ती खाडीपलीकडची बाई आली. आपाने तिला आत बोलावलं, खुर्ची दिली. बाई संकोचून खुर्चीच्या कडेला टेकली. आपाने पेन्शनमधले दोन हजार तिच्या हातात दिले.

"यापुढं एवढंच जमेल. बाकीचं बंद झालं."

बाईने नोटा मुठीत मिटल्या. "चालेल, मॅडम. एक फेरी एसटीने करू. बसवत नाय त्यांना, पण करू." मग नेहमीसारखी उठता उठता म्हणाली, "देव तुमचं भलं करो."

एरवी आपा तोंड फिरवायची. त्या दिवशी तिने ते ऐकून घेतलं; हे पैसे तिचे होते. बाई गेल्यावर ती तिथेच, रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहिली. मी उठून दिवा लावला.