खात्याचा देश

त्या दुष्काळाच्या वर्षांत पुंडलिकनगरात आमच्या नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि पाण्याच्या दिवशी माझा मित्र न बोलावता हजर असायचा. तो पैठणकडच्या एका खेड्यातून शिकायला आलेला, गारखेड्यात खोली करून राहणारा. आधी दोन मजले बादल्या चढवून आमची पिंपं भरायची, मग चहा, मग माझ्या खोलीत बसून मोबाइलवर गेम. आई म्हणायची, तो घरचाच आहे. आमच्याकडे घरचा म्हणजे ज्याला काम सांगायला लाज वाटत नाही तो.

खेळायला आम्ही चौघं होतो. मी, तो आणि गल्लीतले दोन सख्खे भाऊ. बंदुकांचा गेम, चौघांची टोळी, शेवटपर्यंत टिकेल ती जिंकली. आम्ही तिघं बरे खेळायचो, तो मात्र आमच्यापेक्षा कितीतरी वरचा. तीन वर्षं खेळून कमावलेली पातळी आणि नाव त्याच्या गेममधल्या त्या एका खात्यावर होतं. उन्हाळ्यात ऑनलाइन स्पर्धेची पात्रता फेरी होती. पुण्याच्या एका संघाच्या माणसानं त्याचे सामने पाहून निरोप धाडला होता की ही फेरी खेळ, मग तुला पगारावर घ्यायचं बोलू. वडिलांकडून त्यानं तेवढीच मुदत मागून घेतली होती. नाही जमलं तर चितेगावच्या एका कंपनीत चुलत्यानं त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

एवढं सगळं ठाऊक असताना मला नसती अक्कल सुचली. आमच्याच गेमच्या कंपनीचा नवा गेम आला होता, पण चाचणीसाठी फक्त कॅनडात. भारतात कधी येणार, कुणाला माहीत नव्हतं. मी म्हणालो, आत्तापासून हात बसवला तर इथं येईल तेव्हा आपणच पुढे असू. माझा मावसभाऊ टोरांटोला. त्याच्या मागे लागून त्याच्या बँक-कार्डाचा नंबर मिळवला. सारखे व्हिडिओ पाहून कृती पाठ केली होती. आपण कॅनडात आहोत असं भासवणारं ॲप सुरू करायचं, ॲप जिथून उतरवतो त्या स्टोअरच्या सेटिंगमध्ये देश बदलायचा पर्याय दिसला की तिथलं कार्ड टाकायचं. असं करणं स्टोअरच्या नियमात बसत नाही, हे व्हिडिओवालेच हसत हसत सांगायचे.

मोबाइल मित्राचा घेतला. तुझा हात चांगला, तू आधी शीक, मग आम्हाला शिकव, असं म्हणालो. त्याला ते मानाचं वाटलं.

पक्कं करण्याआधी पडद्यावर सूचना आली. देश वर्षातून एकदाच बदलता येईल. काही ॲप आणि गेम नव्या देशात मिळणार नाहीत. मी ती पूर्ण वाचली. त्यानं शेजारून विचारलं, "काय म्हनतंय ते?"

"नेहमीचंच," मी म्हणालो आणि बटण दाबलं.

दोन दिवसांत त्याचं स्टोअरचं खातं कॅनडाचं झालं. नवा गेम उतरला. सर्व्हर इतका लांब की गोळी झाडल्यावर ती लागायला वेळ घ्यायची, तरी आम्ही खूश होतो. गल्लीतले दोघं भाऊ त्याला फॉरेनर म्हणून चिडवायचे. जुना गेमही मोबाइलवर होता तसाच चालू होता, त्यामुळे काही बिघडलंय असं कुणालाच वाटलं नाही.

पात्रता फेरीला तीन दिवस उरले आणि जुन्या गेमचं अपडेट आलं. ते घेतल्याशिवाय गेम उघडतच नव्हता. आमच्या तिघांच्या मोबाइलवर झटक्यात आलं. त्याच्या स्टोअरनं सांगितलं की हे ॲप तुमच्या देशात उपलब्ध नाही. जुना गेम फक्त भारतापुरता होता. तो आमच्या खोलीत, आमच्या पंख्याखाली बसला होता आणि त्याचा देश दुसराच होता. परत भारत निवडायला गेलो तर तो पर्याय वर्षभरासाठी बंद. मावसभावाला फोन लावला, त्यानं उचलला नाही. तिकडे पहाट होती.

आता काय, म्हणून मित्र माझ्याकडे बघत होता. मला माहीत नाही, एवढंच मी म्हणायला हवं होतं. पण सगळ्यातलं सगळं कळतं हा माझा तोरा. एका ग्रुपवर त्याच अपडेटची फाइल कुणीतरी टाकली होती, स्टोअरशिवाय थेट मोबाइलवर टाकता येणारी. ती मी उतरवून त्याला पाठवली.

"चालंल का ही? लई जपून करावं लागंल," तो म्हणाला.

मी म्हणालो, चालतंय, सगळे असंच करतात. बाहेरून आलेलं ॲप धोक्याचं असू शकतं, ही सूचनाही मीच बाजूला सारली. गेम उघडला. आम्ही दोन सामने खेळलो, दोन्ही जिंकलो, आणि माझ्या अकलेचं मीच कौतुक करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं गेमचं खातं बंद. गेमच्या फाइलमध्ये फेरफार आढळला म्हणून दहा वर्षांची बंदी. ग्रुपवरच्या त्या फाइलमध्ये कुणीतरी लबाडीचा कोड घुसडलेला होता. गेमच्या लेखी माझा मित्र लबाडी करणारा खेळाडू ठरला. त्याच्या वतीनं कंपनीला इंग्रजीत मेल मी लिहिला. त्यात लिहिलं की 'मी' अजाणता चुकीची फाइल घेतली. तो 'मी' म्हणजे तो होता. निर्णय अंतिम आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं. पुण्याच्या माणसाला तेवढंच कळलं, लबाडीत सापडला. त्यानं पुन्हा निरोप दिला नाही.

मावसभावाचा फोन बंदी आली त्या दिवशी संध्याकाळी आला. म्हणाला, अरे, त्याच मोबाइलवर दुसरं नवं खातं काढायचं, भारतातलं, आणि त्यावरून अपडेट घ्यायचं, पाच मिनिटांचं काम. खरं तर कॅनडासाठीसुद्धा नवंच खातं काढायचं असतं, जुन्याला हात लावायचा नसतो. मी हे मित्राला सांगितलं नाही.

पात्रता फेरी आम्ही खेळलो. हो, मी खेळलो. भावांनी राखीव म्हणून नोंदवलेला एक जण आणला आणि दुसऱ्याच टप्प्यात आम्ही बाहेर पडलो. त्या आठवड्यात तो पाणी भरायला आला नाही. आईनं दोनदा विचारलं, मग टँकरवाल्याच्या पोराला सांगितलं.

पुढच्या वर्षी तो नवा गेम भारतात आला. सगळ्यांसाठी, फुकट, कुठलाही देश न बदलता. मी निर्लज्जासारखा ही बातमी घेऊन चितेगावच्या फाट्यावर गेलो. त्याची पाळी सुटायची वेळ होती. तो कंपनीच्या निळ्या शर्टात आला, आम्ही टपरीवर चहा घेतला. बरा दिसत होता, थोडा जाड झाला होता. गेम आल्याचं सांगितल्यावर म्हणाला, व्हय का.

मग त्यानं अगदी साध्या आवाजात विचारलं, "तवा तुझं खातं का नाय बदललं?"

गाफील होतो म्हणून खरं बोलून गेलो. माझ्या खात्यावर बाबांच्या बँकेचं ॲप होतं, वर्षभर अडकलं असतं तर घरी बोलणी बसली असती.

"म्हंजे तुला ठावं व्हतं," तो म्हणाला.

त्यावर हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, नाही रे, तेवढं कुठं डोक्यात आलं होतं. त्यानं मान हलवली, कप ठेवला आणि बसकडे गेला. त्यानंतर मी चार-पाच वेळा फोन केला, त्यानं एकदाही उचलला नाही.