गोट्याचा डावा कान

"देवानं कान दोन दिलेत, तर दोघांचीही साक्ष घ्या," असं आत्या उठताबसता म्हणायची. भाजीवाल्यालाही म्हणायची. तो बिचारा वजनात काही चूक झाली की काय म्हणून पुन्हा तराजू बघायचा.

आत्याचा धंदाच दोन कानांचा. गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, त्याही अशा की हेडफोन लावून ऐकणाऱ्याला वाटावं, दार आपल्या पाठीमागे उघडलं आणि कुणीतरी आपल्या भोवती फिरतंय. त्यासाठी तिच्याकडे गोट्या होता. गोट्या म्हणजे माणसाच्या मापाचं एक टकलं डोकं, लोखंडी दांड्यावर बसवलेलं. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही. कान मात्र हुबेहूब, मऊ सिलिकॉनचे, आणि दोन्ही कानांच्या भोकांत हरभऱ्याएवढे माइक. त्याच्या उजवीकडे टिचकी वाजवली की ती उजव्या कानाला आधी पोचते. डाव्याला निमिषभर उशिरा आणि दबून, कारण मधे डोकं आडवं येतं. पुढचं काय नि मागचं काय, ते कानाच्या पाळीच्या घड्या सांगतात. बाकी जादू काही नाही. जादू आत्याच्या पावलांत होती. गोट्याभोवती खडूनं आखलेल्या वर्तुळावर ती अशी चालायची, की ऐकणाऱ्याच्या मानेवर काटा यावा.

भाची तिच्या हाताखाली सहा वर्षं होती. काचेपलीकडे बसून ती मुद्रण सांभाळायची. आत्याची एक रीत होती. रोज सकाळी हेडफोन लावून ती गोट्याच्या नाकासमोर उभी राहायची आणि लाकडाचे दोन ठोकळे वाजवायची. आवाज डोक्याच्या बरोबर मधोमध बसेपर्यंत डाव्या-उजव्याची बटणं फिरवायची. पातळी दाखवणाऱ्या पट्ट्यांवर तिनं चक्क कागद चिकटवला होता. "डोळा चहाडखोर असतो," म्हणायची. "कानाच्या कामात त्याला कशाला पंच नेमायचा?" सहा वर्षांत त्या कागदाला कुणी हात लावला नव्हता.

त्या आठवड्यात भीतीची गोष्ट चालू होती. रिकाम्या घरात एकटी राहणारी बाई, आणि तिच्याभोवती फिरणारं न दिसणारं कुणीतरी. पाचव्या दिवशी दुपारी आत्या खाली चहाला गेली, तेव्हा भाची चार दिवसांचं काम सलग ऐकायला बसली. डोळे मिटले.

पावलं उजवीकडून निघाली. मागे गेली. तिथे थांबली. मग डाव्या कानाशी श्वास लागला, आणि भाचीनं किंचाळून हेडफोन भिरकावला.

खोलीत कुणी नव्हतं. काचेपलीकडे गोट्या आपला आंधळा चेहरा घेऊन उभा. पण भीतीच्याही खाली काहीतरी बोचत होतं. श्वास फार जवळ होता. जवळ असायलाच हवा होता, पण इतका? तिनं पुन्हा ऐकलं. गोष्ट सांगणारी बाई तर समोर बसलेली असते, तीसुद्धा डाव्या खांद्याकडे सरकली होती. पहिल्या दिवशी नव्हती. दुसऱ्या दिवशी जराशी. काल पुष्कळ.

भाचीनं कागदाचा कोपरा उचलला. डाव्या बाजूची पट्टी उजवीच्या कितीतरी वर नाचत होती.

"कागद कुणी काढला?" दारात आत्या उभी होती.

"आत्या, दुसऱ्या दिवसापासून सगळं डावीकडे कलतंय."

"कलतंय? अगं, मी रोज मधोमध लावते. उलट हा मेला गोट्याच डाव्या कानानं कमी ऐकायला लागलाय. माइक बसला असेल नाहीतर वायर."

"मग बघू या वायर."

दोन्ही वायरींच्या जागा बदलल्या, बटणं सारखी केली. आत्यानं ठोकळे वाजवले. "उजवीकडेच," ती म्हणाली, आणि जरा थांबली. वायर खराब असती तर आवाज आता डावीकडे झुकायला हवा होता. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हेडफोन वाईट असेल," ती म्हणाली.

भाची हळूच म्हणाली, "उलटा घाल."

आत्यानं हेडफोन काढला, फिरवला, पुन्हा घातला. आता डावी वाटी उजव्या कानावर होती. भाचीनं ठोकळे वाजवले. एकदा. दोनदा. आत्याचा चेहरा गोट्यासारखा झाला, काहीच न सांगणारा.

"आत्या, कुठे?"

"उजवीकडे."

सगळं बदललं होतं, बदलला नव्हता तो एक कान.

ती खोली आवाज गिळणारी, त्यामुळे तिथली शांतता अंगावर यायची. मग आत्या म्हणाली, "परवा उजवा कान उशीवर टेकून झोपले, आणि घड्याळ बंद पडल्यासारखं वाटलं. सर्दी असेल म्हटलं. आतून शिट्टी वाजते सारखी."

"आणि मला नाही सांगितलंस?"

"काय सांगू? आंधळा चित्रकार म्हणून पाटी लावू?" ती हसायला गेली, जमलं नाही. "एवढा शेवटचा प्रसंग उरकू. मग बघू. कुठे बोलू नकोस."

भाचीनं कानाच्या दवाखान्यात स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या बाईनं दोनच गोष्टी विचारल्या, एकच कान का आणि किती दिवस झाले. मग तिचा आवाज बदलला. "आजच आणा. असं अचानक गेलेलं काही वेळा परत येतं, पण दिवस गेले की अवघड. उद्यावर ढकलू नका."

"ऐकलंस?"

"मला ऐकूच येत नाही ना," आत्या फणकारली. "तिथे त्यांनी सांगितलं, आता काही होणार नाही, तर? इथे निदान मला माहीत नाही."

"आणि काम? डावी बाजू खाली आणली की चारही दिवसांचं काम वाचतं, ते मी करते. तुझा कान मला खालीवर करता येणार नाही, आत्या. चल."

"चप्पल कुठंय माझी?" आत्या एवढंच म्हणाली.

दवाखान्याचा बोळ लांब आणि गुळगुळीत होता. तपासणीची खोली टोकाला, जाड दाराची, आत छोटी काच, थेट त्यांच्या खोलीसारखी. परिचारिकेनं आत्याचं नाव पुकारलं. भाची उठली तशी आत्यानं तिला हातानं बसवलं. "आत दोघी नसतात. आवाज होतो," ती म्हणाली. धंद्यातली बाई ती.

आत्या एकटी निघाली. पाऊल तेच, मोजून टाकलेलं, टाच आधी टेकणारं. अर्ध्या बोळात डावीकडच्या दारातून एक ढकलगाडी निघाली आणि माणूस ओरडला, "मावशी, बाजूला!"

आत्या दचकून उजवीकडे वळून बघायला लागली. तिथे नुसती भिंत होती. गाडी तिच्या पदराला घासून गेली. ती क्षणभर त्या भिंतीकडे बघत राहिली, मग पदर सावरून पुन्हा चालू लागली. भाची खुर्चीच्या कडेवर बसून बघत होती, आणि नावनोंदणीच्या खिडकीपाशी लिहिणारी बाईसुद्धा पेन थांबवून बघत होती, ते जाड दार लागेपर्यंत.