वीस तारखेची नोंद

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अहल्याबाई बावीस वर्षं बोल्ट तपासत होत्या. घरकर्जासाठी त्या बँकेत गेल्या, तर अधिकारी म्हणाला, "अक्का, पगारपत्रकावर निव्वळ पगार चोवीस हजार आणि खात्यात सात तारखेला चौदा हजारच जमा. एवढ्यावर कर्ज बसणार नाही."

अहल्याबाईंनी खातेउताऱ्यावर बोट ठेवलं. "त्याआधीची वीस तारीख बघा. कंपनी महिन्याचा पगार दोन हप्त्यांत देते. उरलेले दहा हजार इथं, कंपनीच्याच नावानं."

अधिकाऱ्यानं त्यांनी आणलेली सहा महिन्यांची पगारपत्रकं उताऱ्याशी ताडून पाहिली. एका रुपयाचाही फरक निघेना.

"सरी अक्का, बरोबर आहे," तो हसला, "कर्ज बसतंय!"

दाराशी थांबलेल्या नवऱ्याला अहल्याबाईंनी तिथूनच ओरडून सांगितलं, "अहो, माझ्या पगारावर घर होतंय!" अख्खी बँक वळून बघत राहिली.