ट्रक उशिरा येतो, पण येतो

सावद्याजवळच्या आमच्या मळ्यात मजुरांनी केळीची कापणी सुरू केली आणि व्यापाऱ्याचा फोन आला की आज ट्रक येणार नाही. कापलेले घड उन्हात थांबत नाहीत. भाऊने मोबाइलवर ट्रक ठरवून देणाऱ्या दोन वेबसाइट शोधल्या आणि जी चकचकीत दिसली, तिथे आगाऊ पैसे भरायला निघाला. मी फोनच हिसकावला. "आधी चार गोष्टी बघू," म्हणाले. तो चिडला. मीही चिडलेच होते.

ही साइट चालवतं कोण? तिच्यावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला, तर निघालं भलतंच कापडाचं दुकान. संपर्काला नुसतं व्हॉट्सॲप. ट्रक आला नाही तर पैशांचं काय, याबद्दल अवाक्षर नाही. तरी भाऊचं चालूच, "अगं, लोक किती खूश आहेत बघ!" त्याने एक अभिप्राय मोठ्याने वाचला, "केळीची पोती वेळेवर पोचली." वाचून त्यानेच ती साइट बंद केली. केळी पोत्यात कोण भरतं?

दुसरी साइट दिसायला कळकट. पण जीएसटी क्रमांक तिच्याच नावावर, पत्ता जळगावचा, फोन लावला तर माणसाने उचलला, पैसे परत मिळण्याचा नियमही लिहिलेला. अभिप्रायांत मात्र कुरकुर होती: ट्रक फार उशिरा येतो, पण येतो.

तिथूनच ट्रक ठरवला. दुपार टळली. घडांवर केळीची पानं झाकून आम्ही बांधावर बसलो. भाऊ माझ्याकडे बघतही नव्हता. लोकांची तक्रार खरी ठरू दे, असं मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागत होते.