शेजारच्या खुंट्यावरची म्हैस

मी एक म्हैस बदलली होती. चोरली नाही, विकली नाही. फक्त एका खुंट्यावरून सोडून शेजारच्या खुंट्यावर बांधली. तेवढ्यासाठी एक गाभण जनावर व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढणार होतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. डोंबिवलीच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, एका मावशींचा चार म्हशींचा गोठा होता. मी तिथला नेहमीचा डॉक्टर. त्यातल्या एका म्हशीला मीच कृत्रिम रेतन केलं होतं, त्याला महिना उलटून चारेक दिवस झाले होते. दूध आटत चाललेलं. मावशींचा सरळ हिशेब: गाभण असेल तर ठेवायची, खाली असेल तर विकायची. व्यापारी त्याच सकाळी येणार होता.

"डाक्टर, मना आताच सांग. हाय का नाय?"

इतक्या लवकर हाताने सांगता येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. म्हशीत दोनेक महिने झाले की गर्भाशयाचा फुगवटा हाताला खात्रीने लागतो. त्याआधी अंदाज, आणि जोरात चाचपलं तर गर्भाला धोका. पण "अजून एक महिना थांबा" म्हणायला माझी जीभ वळेना. माझ्या हाताची पंचक्रोशीत ख्याती होती, निदान माझ्या मते. शेणाच्या वाटेने हात घातला, काही लागलं नाही, आणि मी जाहीर केलं, "खाली."

त्या दिवशी माझ्याबरोबर एक नवी डॉक्टरीणबाई आली होती. कॉलेजातून सोनोग्राफीचं मशीन घेऊन, अनुभव घ्यायला. मावशी दूध घालायला गेल्यावर ती म्हणाली, "सर, मी बघू?"

"बघा ना. टीव्हीवर काय लागलंय ते आम्हालाही सांगा."

हात तिनेही त्याच वाटेने घातला, फक्त मुठीत मशीनचा प्रोब होता. स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून मी वर गोणपाट धरलं. करड्या धुरळ्यात पाण्याचा काळा डाग दिसला, त्यात तांदळाहून थोडा मोठा ठिपका, आणि ठिपक्यात काहीतरी लुकलुकत होतं. भरभर, न थांबता.

"ठोका," ती म्हणाली.

"आतडं हललं असेल."

"आतडं असं तालात हलतं, सर?"

मी म्हटलं, "मावशी आल्यावर परत बघा. एकदाच दिसलेलं खरं धरू नये." मशीनची वायर जेमतेम पुरत होती, म्हणून ती लांब वायर मागायला शेजारच्या घरी गेली आणि मी कामाला लागलो. शेजारी तितकीच काळी, तितकीच रुंद म्हैस होती, व्यायल्यापासून न भरवलेली, म्हणजे नक्की खाली. दोघींच्या जागा बदलल्या. दोघींनीही हूं की चूं केलं नाही. माझ्या कटात इतके शांत साथीदार मला पुन्हा मिळाले नाहीत.

मावशी परतल्या त्या व्यापाऱ्यासकट, आणि गोठ्याच्या दारातच त्याच्याशी वाद घालत उभ्या राहिल्या. आत डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्यांदा तपासलं. प्रोब इकडे फिरवला, तिकडे फिरवला. चेहरा उतरला.

"नाही दिसत," ती हळूच म्हणाली.

"काय म्हनते मशीन?" मावशी दारातून ओरडल्या.

"खाली दिसतेय, मावशी."

मला हसू आलं. ते ओठांवर असतानाच व्यापाऱ्याने टेम्पोची फळी खाली टाकली.

"मावशी, घाई नको," मी पुढे झालो. "अजून एक महिना ठेवा. हाताची खात्री तेव्हाच."

"आता? तू खाली बोललास, मशीन खाली बोल्ली. राहिली कोन? म्हशीला इचारू?"

व्यापारी खो खो हसला. मावशी दावं सोडायला आत निघाल्या. डॉक्टरीणबाई प्रोब पुसत खाली मान घालून उभी होती. चूक आपलीच, असं तिला खरंच वाटत होतं.

"मावशी, थांबा! म्हैस मी बदललीय."

मावशींनी दोन्ही म्हशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कशाला रं?"

"मशीन खोटं पडावं म्हणून."

"इतका शिकलास तो याच्यासाठी?"

म्हशी आपापल्या खुंट्यावर गेल्या. गोणपाट आता मावशींनी धरलं, आणि ठिपका पुन्हा लुकलुकला. मावशी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग उठून त्यांनी व्यापाऱ्याला फळी वर घ्यायला सांगितलं.

मी डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिलो. शेणाने माखलेला हातमोजा अजून खांद्यापर्यंत चढवलेलाच होता, त्यामुळे हातही जोडता येईनात.

"बाई, मला माफ करा. माझ्या हाताला काही कळलं नव्हतं, आणि ते मला तेव्हाच कळलं होतं."