पास्कूच्या लेकीचं अभद्र बोलणं

उत्तनच्या पास्कूचं घर कौलारू, दाराशी स्वतःची होडी. बायको लवकर गेली. पोरं दोन: इजाबेल जवळच्याच डोंगरी गावात दिलेली, आणि धाकटा मिंगेल, बापाच्या शब्दाबाहेर न जाणारा.

१९३६ साली मिंगेलचं लग्न ठरलं. नवरीच्या, डॉरिसच्या, बापानं घर आणि होडी आधी मुलाच्या नावावर करायला सांगितलं. पास्कू हसून म्हणाला, "माझं काय नि त्याचं काय."

इजाबेलचा नवरा ठाण्यात वकिलाकडे कारकून होता. ती धावतच आली. पास्कू बोंबील वाळत घालत होता, शेजारणी मदतीला होत्या. त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "बापा, घर दे त्याला. पन कागदात लिव, जीव हाय तवर तू हितंच राहशील."

"भावावर भरवसा न्हाय तुझा?"

"त्याच्यावर हाय. पन तो तुझ्याआधी गेला तर?"

हातातले बोंबील खाली पडले. भावाच्या लग्नाच्या तोंडावर सख्खी बहीण हे बोलते! एकट्यात, सावकाश सांगितलं असतं तर कदाचित त्यानं ऐकलंही असतं. चारचौघांत त्यानं तिला हाकलून दिलं आणि ठाण्याला जाऊन बक्षीसपत्र करून आला. राहण्याच्या हक्काचं एक अक्षर त्यात नव्हतं.

मिंगेलनं बापाला कधी काही कमी पडू दिलं नाही. दोन मुलं झाली. १९४१ मध्ये विषमज्वरानं तो सतरा दिवसांत गेला. दफनाला इजाबेल आली, तर पास्कू सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या तोंडानं गेला तो."

वर्षभरात डॉरिस पोरांना घेऊन भावाकडे वांद्र्याला गेली. होडी भावानं नेली, घर भाडेकरूला दिलं. पास्कू आपला हक्क विचारायला ठाण्याला एका वकिलाकडे गेला.

वकील म्हणाले, "बक्षीस दिलंत तेव्हाच घर तुमचं राहिलं नाही. मुलाची मुलं आहेत, म्हणजे तुमच्या ख्रिस्ती कायद्यानं तिनांतला एक भाग बायकोचा, दोन भाग पोरांचे. बापाला काही नाही."

"पन मीच दिलं त्याला."

"त्याला दिलंत. तो गेला."

डॉरिस दुष्ट नव्हती. "पोरांचं पोट भाड्यावर हाय, मामा," एवढंच ती म्हणाली. पास्कू पडवीत राहत होता, तीही भाडेकरूला हवी होती. पास्कू किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या झोपडीत राहायला गेला. इजाबेल रोज पेज घेऊन यायची, तो तोंड फिरवायचा. तिसऱ्या पावसाळ्यात तापानं त्याची शुद्ध हरपली, तेव्हा तिनं त्याला बैलगाडीत घालून आपल्या घरी नेलं.

तिथं तो दोन वर्षं जगला. ती भरवायची, पुसायची, कूस बदलायची. एकदा तिनं विचारलंही, "बापा, माझं कुठं चुकलं?" त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

भेटायला कोणी आलं की मात्र तो बोलायचा. लेक आत चुलीपाशी असताना, तिला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "मिंगेल असता तर मी हितं कशाला मरत पडलो असतो? हिनंच खाल्लं त्याला."

शेवटपर्यंत त्यानं तिला नावानं हाक मारली नाही.